राज्याच्या मान्यतेचा प्रश्न सोडवायचा कसा? आधी तारखा मांडा

सांगलीत माझ्याकडे एलएलबीची मुलं संध्याकाळी वह्या घेऊन येतात. आंतरराष्ट्रीय कायद्यात ‘राज्याची मान्यता’ आली की बहुतेक उत्तरं सारखीच असतात: पान मधोमध दुभागलेलं, डावीकडे डिक्लेरेटरी सिद्धांत, उजवीकडे कॉन्स्टिट्यूटिव्ह, आणि खाली ‘दोन्हींत तथ्य आहे’. प्रश्नातल्या देशाचं काय झालं, ते मात्र कुठेच नसतं.

दोन्ही सिद्धांत एकेका वाक्यात सांगता येतात. डिक्लेरेटरी म्हणतो, राज्य प्रत्यक्षात उभं राहिलं की ते राज्यच; मान्यता ही त्याची फक्त दखल. कॉन्स्टिट्यूटिव्ह म्हणतो, इतरांच्या मान्यतेनेच ते कायद्याच्या दृष्टीने राज्य होतं. (याचं मराठी ‘घटनात्मक’ असं करू नका. परीक्षकाला संविधान आठवतं आणि वाक्याचा अर्थच बदलतो.)

मी पहिल्यांदा कोऱ्या कागदावर एक आडवी रेघ मारायला लावतो. बांगलादेश घ्या. 26 मार्च 1971 ला स्वातंत्र्याची घोषणा. 6 डिसेंबरला भारताची मान्यता. 16 डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याची शरणागती. 22 फेब्रुवारी 1974 ला पाकिस्तानची मान्यता आणि 17 सप्टेंबर 1974 ला संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व. उत्तर या तारखांच्या मधल्या जागांत असतं.

आता प्रत्येक तारखेवर बोट ठेवून 1933 च्या मोंतेविदेओ कराराच्या चार कसोट्या लावा: कायमची लोकसंख्या, निश्चित भूप्रदेश, सरकार आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता. हा करार अमेरिका खंडातल्या देशांचा असला तरी या कसोट्या सगळीकडे वापरल्या जातात. लोक आणि जमीन मार्चमध्येही होतीच. अडतं ते सरकारपाशी. 6 डिसेंबरला बांगलादेशचं सरकार कोलकात्यात होतं आणि ढाका पाकिस्तानी सैन्याच्या ताब्यात. त्यामुळे डिक्लेरेटरी बाजूने लिहिणाऱ्याला भारताची मान्यता वेळेआधीची होती का, हा प्रश्न टाळता येत नाही. शरणागतीनंतर ही अडचण बरीचशी सुटते, आणि मार्च 1972 मध्ये भारतीय सैन्य परतल्यावर स्वातंत्र्याबद्दलची शंकाही मागे पडते.

‘सरकार’ म्हणजे नेमकं किती, इथे मुलं हमखास अडखळतात. कुंडलच्या एका विद्यार्थिनीने विचारलं होतं, “सर, आपल्या पत्री सरकारला कुणी मान्यता दिली नाही, म्हणून ते राज्य नव्हतं का?” प्रश्न फार चांगला होता. 1943 ते 1946 मध्ये तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने गावोगावी न्यायनिवाडे केले, त्याची तुफान सेनाही होती. पण ब्रिटिशांचं पोलीस आणि महसूल खातं जिल्ह्यातून गेलं नव्हतं. शिवाय सातारा वेगळं राज्य करायचं असा दावाच नव्हता, लढा अख्ख्या देशाचा होता. म्हणजे गोष्ट मान्यतेपर्यंत पोहोचतच नाही. आधी दावा, मग ताबा, मग मान्यता, हा क्रम वहीत लिहून ठेवा.

यानंतर कॉन्स्टिट्यूटिव्ह सिद्धांत त्याच रेघेवर लावून बघा. डिसेंबर 1971 ते फेब्रुवारी 1974 या काळात बांगलादेश भारतासाठी राज्य होतं आणि पाकिस्तानसाठी नव्हतं, असं म्हणावं लागतं. मग त्या दोन वर्षांत पाकिस्तानने पुन्हा सैन्य पाठवलं असतं, तर ते परक्या राज्यावरचं आक्रमण ठरलं असतं की घरातलं बंड मोडणं? या सिद्धांताची खरी अडचण इथे उघडी पडते, आणि मोंतेविदेओच्या तिसऱ्या कलमात याचं थेट उत्तर आहे: मान्यतेआधीही राज्याला आपलं स्वातंत्र्य राखण्याचा हक्क आहे. माझा कौल म्हणूनच डिक्लेरेटरीकडे आहे. पण मान्यतेशिवाय दूतावास आणि करार अडतात, हेही उत्तरात यायला हवं. 1972 मध्ये चीनच्या व्हेटोमुळे बांगलादेशला संयुक्त राष्ट्रांचं दार बंदच राहिलं होतं.

तुमचं उत्तर पक्कं झालं का, हे ऱ्होडेशियावर तपासा. 11 नोव्हेंबर 1965 ला तिथल्या गोऱ्या अल्पसंख्य सरकारने स्वातंत्र्य जाहीर केलं. लोक, जमीन, ताबा, सगळं होतं. तरी दुसऱ्याच दिवशी सुरक्षा परिषदेने ठराव 216 करून मान्यता देऊ नका असं सांगितलं, आणि एकाही देशाने ती दिली नाही. नुसत्या चार कसोट्यांवर थांबलेलं उत्तर इथे कोसळतं. ‘मान्यता नाही म्हणून राज्य नाही’ असं लिहून टाकण्याआधी मान्यता का नाकारली ते विचारा. बहुसंख्य काळ्या जनतेला डावलून उभी केलेली ती सत्ता होती, म्हणजे लोकांच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काचाच भंग. डिक्लेरेटरी बाजूचे अभ्यासक त्यामुळे ही पाचवी, कायदेशीरपणाची कसोटी धरतात. त्यांच्या मते ऱ्होडेशिया त्या कसोटीवर नापास झालं आणि मान्यतेचा नकार हा त्याचा परिणाम होता. कॉन्स्टिट्यूटिव्ह बाजू नेमकं उलट वाचते. तुम्ही कुठलं वाचन धरता ते कारणासकट एका वाक्यात लिहा, आणि मग तेच वाक्य बांगलादेशच्या 6 डिसेंबरला लावल्यावर टिकतं का ते बघा.