फोटोतलं घनमूळ: एककाच्या अंकावरून उत्तर कसं पकडायचं

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज कुणाच्या तरी वहीचा फोटो पडतो. धुळ्याच्या अभ्यासिकेत सोडवलेला सराव-संच रात्री शहाद्याला पोचतो आणि तिथून चोपड्याला. प्रत्येक फॉरवर्डला तो थोडा आणखी धूसर होतो. गणितं साधीच असतात: वर्ग, घन, वर्गमूळ, घनमूळ. घनमूळ तर एककाच्या अंकावरून पाच सेकंदांत निघतं. पण फोटोत आकडा चुकीचा वाचला गेला तर हीच युक्ती तितक्याच झटपट चुकीचं उत्तर देते. म्हणून इथे युक्तीसोबत तिची पडताळणीही दिली आहे.

आधी चिन्ह नीट ओळखा. वर्गमूळ आणि घनमूळ यांच्या चिन्हांत फरक असतो तो फक्त डोक्यावरच्या बारक्या ३ चा, आणि फोटोत सगळ्यात आधी तोच पुसट होतो. अशा वेळी आतल्या संख्येचा एकक बघा. पूर्ण वर्गाच्या एककस्थानी २, ३, ७ किंवा ८ कधीच येत नाही. समजा चिन्हाखाली २१९७ दिसतंय. शेवटी ७ आहे, म्हणजे हा पूर्ण वर्ग असूच शकत नाही. इथे घनमूळच विचारलंय, आणि ते १३. उलट ४०९६ असेल तर एकक काहीच सांगत नाही, कारण ४०९६ हा ६४ चा वर्गही आहे आणि १६ चा घनही. तिथे पर्याय बघण्याला इलाज नाही.

आता घनमूळ. १ ते ९ चे घन पाठ हवेतच: १, ८, २७, ६४, १२५, २१६, ३४३, ५१२, ७२९. यांचे शेवटचे अंक बघितले की लक्षात येतं, १, ४, ५, ६, ९ आणि ० हे अंक घनातही तसेच राहतात. फक्त दोन जोड्या अदलाबदल करतात: २ चा ८ होतो नि ८ चा २, ३ चा ७ होतो नि ७ चा ३. जोडीची बेरीज दहा, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. एकही अंक दोनदा येत नाही, म्हणून घनाचा एकक दिसला की मुळाचा एकक पक्का.

दशक काढायला शेवटचे तीन अंक झाकायचे. तीनच का, तर १० चा घन १०००, त्यात तीन शून्यं. १,७५,६१६ घ्या. एकक ६, म्हणून मुळाचा एकक ६. ६१६ झाकलं की उरले १७५. हा १२५ आणि २१६ यांच्या मधे बसतो. नेहमी खालचा घन घ्यायचा, म्हणजे १२५, म्हणजे ५. उत्तर ५६.

वर्गमुळात मात्र असं एका फटक्यात होत नाही. तिथे एककाला दोन-दोन उमेदवार असतात, कारण ३ चा वर्गही ९ वर संपतो आणि ७ चाही. रावेरकडच्या एका गणितात केळीच्या बागेत जितक्या ओळी तितकीच खोडं प्रत्येक ओळीत, एकूण १८४९. शेवटचे दोन अंक झाकले की १८ उरतात. खालचा वर्ग १६, म्हणून दशक ४. उत्तर ४३ तरी असेल किंवा ४७ तरी. निवाडा ४५ च्या वर्गावर: चार पंचे वीस, पुढे पंचवीस, २०२५. १८४९ त्याच्या खाली आहे, म्हणून ४३ ओळी.

आता पडताळणी. वरची घनमुळाची युक्ती कुठल्याही संख्येला उत्तर देते, ती पूर्ण घन असो वा नसो. १२,३४५ दिली तरी ती बिनदिक्कत २५ म्हणेल, जेव्हा २५ चा घन १५,६२५ आहे. म्हणून आधी संख्येतल्या अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करा. पूर्ण घनाची अशी बेरीज १, ८ किंवा ९ च येते. १२,३४५ ची येते १५, म्हणजे ६. हा घन नव्हे, आकडा पुन्हा वाचा. १,७५,६१६ ची येते २६, म्हणजे ८. हे चालेल.

बेरीज आणखी एक गोष्ट सांगते. मुळाला ३ ने भागून बाकी १ उरत असेल तर घनाची बेरीज १, बाकी २ असेल तर ८, आणि पूर्ण भाग जात असेल तर ९. ५६ ला ३ ने भागलं की बाकी २, आणि बेरीज ८. जुळलं.

तरीही एक सापळा उरतो, आणि तो देवनागरी आकड्यांचा आहे. भाच्याने एकदा असाच फोटो पाठवून विचारलं, "मामा, हाई एक शे का नऊ?" वहीतली संख्या २९,७९१ होती. घाईत लिहिलेल्या १ ची शेपूट वर वळली की तो ९ वाटतो, आणि फोटोत तर वाटतोच. तो २९,७९९ वाचत होता. युक्ती लावा: एकक ९, उरले २९, खालचा घन २७, म्हणून ३९. बेरीज ३६, म्हणजे ९. ३९ ला ३ ने पूर्ण भाग जातो, तेही जुळलं. सगळ्या खुणा बरोबर आणि उत्तर चूक.

हे पकडायचं ते संख्येच्या आकारावरून. ३० चा घन २७,००० आणि ४० चा ६४,०००. मूळ ३९ असतं तर संख्या ६४ हजारांच्या जवळ गेली असती. खरंच ३९ चा घन ५९,३१९ आहे. इथली संख्या तर २७ हजारांना चिकटून बसलीय, म्हणजे मूळ तिशीच्या सुरुवातीला हवं. एकक १ धरला की ३१, आणि ३१ चा घन २९,७९१. माझ्या मते बेरजेच्याही आधी ही नजर टाकावी, कारण १ आणि ९ यांच्या घोटाळ्यात बेरीज बऱ्याचदा फसते.

सहा अंकांपर्यंतच हे सरळ चालतं. सात अंकी घनाचं मूळ तीन अंकी असतं, आणि मधला अंक एककावरून कळत नाही. पण तिथे बेरीज कामाला येते. १८,६०,८६७ बघा. एकक ७, म्हणून मुळाचा एकक ३. इथे तीन-तीनचे गट उजवीकडून पाडायचे, आपले लाखाचे स्वल्पविराम विसरून: १, ८६०, ८६७. डावा गट १, म्हणून मुळाचा पहिला अंक १. अंकांची बेरीज ३६, म्हणजे ९, म्हणून मुळाला ३ ने भाग जायला हवा. १ आणि ३ मिळून ४ होतात, तेव्हा मधे २, ५ किंवा ८ च बसेल: १२३, १५३ किंवा १८३. १५० चाच घन ३३,७५,००० होतो, म्हणून शेवटची दोन्ही बाद. उत्तर १२३.