कॉस्टिक सोड्याच्या डेटा शीटचा फोटो मराठीत आणताना

रबाळे-महापे पट्ट्यातल्या कारखान्यांत कॉस्टिक सोड्याची डेटा शीट बहुतेक इंग्रजीत असते. कामगारांसाठी मराठी करायला मोबाइलवर फोटो काढताना विभाग २ (धोके) आणि विभाग ४ (प्रथमोपचार) सरळ वरून, फ्लॅश बंद ठेवून घ्या. प्लास्टिक कव्हरवर फ्लॅश चमकला की आकडे पुसट येतात, आणि इथे एक आकडा चुकला तरी अर्थ बदलतो. H315 म्हणजे त्वचेची जळजळ. H314 म्हणजे त्वचा गंभीर भाजते आणि डोळ्याला इजा होते. कॉस्टिकला H314 लागतो. तिथे ‘जळजळ होते’ असं लिहिलं, तर माणूस हात पुसून कामाला लागेल. म्हणून कोड मराठी वाक्याशेजारी तसाच ठेवा, म्हणजे कुणालाही मूळ शीटशी ताडून पाहता येईल.

सगळ्यात घातक चूक ‘Do NOT induce vomiting’ मधला NOT गळण्याची. ओळ तुटते तिथे तो हमखास हरवतो. मराठीत नकार आधीच लिहा: ‘गिळलं तर उलटी करवू नका. तोंड पाण्याने धुवा. लगेच डॉक्टर.’ कॉस्टिक वर येताना अन्ननलिका पुन्हा भाजते.

डोळ्यासाठी ‘rinse cautiously’ चं ‘काळजीपूर्वक धुवा’ अगदीच मोघम. ‘पापण्या उघड्या धरून वाहत्या पाण्याने निदान १५ मिनिटं, लेन्स सहज निघत असेल तर काढा, धुणं थांबवू नका’ असं लिहा.