द्राक्षबागेचे चॅनेल: प्रश्नांना उत्तरे द्यावीत, पण दमू नये

तासगाव भागात ऑक्टोबर छाटणी सुरू झाली, की द्राक्षशेतीच्या यूट्यूब चॅनेलवर प्रश्नांची रीघ लागते. "दादा, डाउनी आलाय, काय फवारू?" एवढेच लिहिलेले असते. वाण कोणता, छाटणीला किती दिवस झाले, पाऊस पडला का, हे कळल्याशिवाय जबाबदारीने उत्तर देता येत नाही, म्हणून चॅनेल चालवणारा उलट प्रश्न विचारतो आणि एका प्रश्नाचे चार संदेश होतात. दमछाक होते ती इथे.

म्हणून व्हिडिओ टाकताच स्वतःची एक कॉमेंट लिहून ती पिन करावी. एका व्हिडिओवर एकच कॉमेंट पिन करता येते आणि दुसरी पिन केली की पहिली सुटते, त्यामुळे ही जागा आभार मानण्यात घालवू नये. तिथे असे लिहावे: "प्रश्न विचारताना गाव, वाण, छाटणीची तारीख आणि मागील फवारणी लिहावी. उत्तरे रोज रात्री ८ ते ८:३० या वेळेत देईन." पुढे तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला, की त्याचे उत्तर याच कॉमेंटमध्ये जोडावे आणि विचारणाऱ्याला "वर पिन केलेले पाहा" एवढेच कळवावे. औषधाचे प्रमाण मात्र तिथे लिहू नये, कारण सोनाकाच्या फुलोऱ्यातील बागेसाठी दिलेला सल्ला नुकत्याच फुटलेल्या थॉमसनवरही वापरला जातो. प्रमाणासाठी औषधाच्या लेबलकडेच बोट दाखवावे.

ठरलेल्या अर्ध्या तासात यूट्यूब स्टुडिओमध्ये प्रश्न असलेल्या आणि अजून उत्तर न दिलेल्या कॉमेंट फिल्टरने वेगळ्या काढाव्यात, म्हणजे "छान माहिती" या ओळींत प्रश्न हरवत नाहीत. त्या ओळींना हार्ट पुरेसे आहे. एरवी कॉमेंटची नोटिफिकेशन बंद ठेवावीत. एखाद्या जुन्या बागायतदाराने दुसऱ्याला नेमके उत्तर दिले असेल, तर त्यालाही हार्ट द्यावे आणि त्याखाली एक ओळ लिहावी, कारण समुदाय खऱ्या अर्थाने तिथे उभा राहतो. उत्तर चुकीचे असेल, तर मात्र त्याच दिवशी नम्रपणे दुरुस्त करावे.

पोल घेताना ज्या निकालावर आपण काही करणार आहोत तेवढेच विचारावे. "पुढचा व्हिडिओ कशावर हवा?" असे मोघम विचारले, तर कॉमेंटमध्ये नव्या मागण्यांचा ढीग पडतो. त्याऐवजी "तुमच्या छाटणीला किती दिवस झाले?" असे विचारून १५ पर्यंत, १६ ते ३०, ३१ ते ४५ आणि त्याहून अधिक असे चार पर्याय द्यावेत. बहुतेकांच्या बागा १६ ते ३० दिवसांत असतील, तर पुढचा व्हिडिओ फुटींच्या विरळणीवर करावा आणि सुरुवातीलाच तो पोलमुळे निवडला असे सांगावे. व्हिडिओ आल्यावरही त्या टप्प्यातील शेतकरी बागेची माहिती न देताच प्रश्न विचारत असतील, तर पिन केलेली कॉमेंट फार लांबली आहे असे समजावे आणि ती चार ओळींवर आणावी.