शेजारच्या आवाजाची तक्रार: घरमालकांनो, या चुका टाळा

भाडेकरूचा रात्रीचा व्हॉइस मेसेज आला की बरेच घरमालक तो तसाच वरच्या बिऱ्हाडाला फॉरवर्ड करतात. याहून मोठी चूक नाही. त्यातला रागही सोबत जातो, आणि तक्रार कुणाची तेही कळतं. मग आवाज राहतो बाजूला, भांडण उरतं.

दुसरी चूक म्हणजे नोंद न ठेवता निवाडा करणं. बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका तीन मजली घरातली गोष्ट घ्या. खालचा भाडेकरू म्हणायचा, "वरच्या काकू रोज पहाटे ग्राइंडर लावतात." मालकानं काकूंना समज दिली, काकू चिडल्या, जिन्यात बोलणं बंद. शेवटी एका वहीत चारच गोष्टी लिहायचं ठरलं: तारीख, सुरू-बंद वेळ, कसला आवाज, कोणत्या खोलीत. "रात्रभर धिंगाणा" असलं काही लिहायचं नाही. दोन आठवड्यांत तीनच नोंदी झाल्या: 3, 7 आणि 11 तारीख, पहाटे 5.10 ते 5.35, घरघर, बेडरूमच्या भिंतीतून. म्हणजे "रोज" नव्हतंच. दर चार दिवसांनी काय होतं? नळाला पाणी येतं! संपातलं पाणी वरच्या टाकीत चढवणारी मोटर थेट फरशीवर बसवलेली, आणि तिचा पाइप बेडरूमच्या भिंतीला क्लॅम्पनं आवळलेला. 7 तारखेला तर काकू खानापूरला गेल्या होत्या. मोटरखाली जाड रबर, क्लॅम्पमध्ये रबराची पट्टी आणि मोटरजवळ हातभर लवचिक पाइप घातल्यावर घरघर बरीच उतरली. समज द्यायच्या आधी वही उघडली असती, तर काकूंची माफी मागायची वेळ आली नसती.

नोंदी झाल्यावर निरोप असा लिहावा:

"नमस्कार. 3, 7 आणि 11 तारखेला पहाटे 5.10 च्या सुमारास साधारण 25 मिनिटं घरघर ऐकू आली. तुम्हालाही येते का? कशाची असेल, काही अंदाज? संध्याकाळी सातनंतर पाच मिनिटं बोलूया."

यात "तुम्ही नेहमी" नाही, तक्रारदाराचं नाव नाही. निरोप ज्याचा त्यालाच पाठवा. बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलात तर ती चावडी होते. शेजारी कन्नड वाचणारे असतील तर कन्नडात लिहा आणि जाणकाराकडून तपासून घ्या. "नीवु"च्या जागी "नीनु" गेलं की एकेरीवर आल्यासारखं होतं, आणि आपल्याकडे खुर्ची सरकवल्याच्या वादाचा सीमावाद व्हायला वेळ लागत नाही.

मोबाइलवरचं डेसिबलचं अॅप पुरावा म्हणून नाचवू नका. निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45 डेसिबल असली, तरी तपासून न घेतलेल्या फोनचा आकडा कुणी मानत नाही.

पहिल्याच दिवशी 112 लावू नका. रात्री दहानंतर डीजे किंवा मारामारी असेल तर मात्र वही शोधत बसू नका, लगेच लावा.