केस स्टडीच्या पेपरात शीतगृह सुचवलं आणि गुण गेले

जळगावात एमबीएच्या मुलांना शिकवताना रावेरच्या केळी उत्पादक कंपनीवर मी एक काल्पनिक केस दिली होती. सुटे घड ट्रकमध्ये भरल्याने माल दबतो आणि भाव पडतो, ही अडचण. अटी चार: हातात १८ लाख, यंदा नवं कर्ज नाही, पाच महिन्यांत फरक दिसला पाहिजे, सहा हमालांचं काम जाता कामा नये. परिशिष्टात शीतगृहाचा खर्च ६० लाख आणि बांधणीला नऊ महिने, असं दिलं होतं.

बहुतेकांनी शीतगृहच लिहिलं. एका पेपरात त्याचा नकाशासुद्धा सुबक काढला होता, पण १८ लाख हा आकडा उत्तरात कुठेच नव्हता. त्याला १५ पैकी ५ गुण दिले. खान्देशात शीतगृहाची गरज नाही असं मी म्हणत नाही. पण ज्या कंपनीला ते पाच महिन्यांत उभारताच येत नाही, तिला तो सल्ला काय कामाचा?

असा पेपर सोडवताना केस दोनदा वाचा. पहिल्यांदा फक्त अडचण समजून घ्या. दुसऱ्यांदा पेन्सिलने पैसा, वेळ, माणसं आणि ‘करायचं नाही’ अशा प्रत्येक शब्दाखाली रेघ मारा. अट नेहमी प्रश्नातच नसते. माझ्या केसमध्ये हमालांची अट अध्यक्षांच्या एका वाक्यात होती आणि तीच सर्वांत जास्त जणांच्या नजरेतून सुटली.

मग उत्तराच्या सुरुवातीलाच अटी स्वतःच्या शब्दांत लिहा आणि सुचलेला प्रत्येक उपाय त्यांच्यावर तपासा. शीतगृह पैशाच्या अटीवरच अडतं, वेळेच्या अटीवरही अडतं. आता दुसरा उपाय बघा: फण्या सोडवून, धुऊन क्रेटमध्ये भरायच्या. केसमधल्या दरांनी शेड आणि हौदाला ५ लाख, हजार क्रेटला साडेचार लाख, म्हणजे साडेनऊ लाख. काम दोन महिन्यांत उभं राहतं आणि धुण्या-भरण्याचं काम त्याच सहा जणांना मिळतं. हंगामात ८०० टन माल जातो. नासाडी ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आली, तर ४० टन वाचतात. टनाला १५ हजार धरले तर ६ लाख. खर्च दुसऱ्या हंगामात निघतो.

या उपायाची उणीवही लिहा: नासाडी कमी झाली तरी आवक वाढल्यावर पडणारा भाव यानं सावरत नाही. शीतगृह लिहायचंच असेल, तर ‘कर्जाची अट उठल्यावर’ असं स्पष्ट म्हणून शेवटी दोन ओळीत लिहा. त्याचेही गुण मी देते. आणि केळी साधारण १३ अंशांखाली ठेवली तर साल काळी पडते, एवढं त्या दोन ओळीत आलं, तर माणसाला माल माहीत आहे हे कळतं.