एस.पी. सोडून गणित: अकरावीतला पहिला महिना

अकरावी कॉमर्सला प्रवेश घेताना मी गणिताऐवजी एस.पी., म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती, हा विषय घेतला. दहावीच्या गणिताचा धसका हे एकच कारण. तिसऱ्या आठवड्यात मावसबहिणीने सांगितलं की पुढे अर्थशास्त्रात पदवी करायची तर बऱ्याच नावाजलेल्या कॉलेजांत बारावीला गणित लागतं. बारावीत विषय बदलणं फार अवघड, म्हणून लगेच ऑफिस गाठलं.

क्लार्कबाई म्हणाल्या, "गणिताची तुकडी भरली आहे, वरून परवानगी आणा." प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहिला, आईची सही घेतली, वर्गशिक्षकांची शिफारस घेतली आणि फीची पावती जोडली. कारण एका ओळीत लिहिलं: 'पदवीच्या प्रवेशासाठी गणित आवश्यक'. एस.पी. कंटाळवाणं वाटतं वगैरे लिहू नका, त्यावर उलट प्रश्नच येतात.

जागेचा प्रश्न मात्र अर्जाने सुटला नाही. तो सुटला गणिताच्या वर्गाबाहेर उभं राहून. संमिश्र संख्या सुरू झाल्या की दोन-चार जण गणित सोडायच्या विचारात असतातच. तसा एक मुलगा सापडला, त्याला एस.पी. हवं होतं. दोघांनी एकत्र अर्ज दिले, एकमेकांचे रोल नंबर लिहून. उपप्राचार्यांनी त्याच दिवशी सही केली, कारण दोन्ही तुकड्यांची संख्या तीच राहत होती.

माझी चूक पुढे झाली. तोंडी होकार मिळाल्यावर मी अर्जाची पोच घेतलीच नाही, आणि हजेरीपटावर नाव बदललं का हेही पाहिलं नाही. पहिली घटक चाचणी २५ गुणांची. मी गणिताचा पेपर दिला, पण यादीत नाव एस.पी.लाच होतं. तिथे गैरहजर, इथे गुण लिहायला रकानाच नाही. अकरावीचा निकाल घटक चाचण्या, सत्र परीक्षा आणि वार्षिक परीक्षा मिळून लागतो, त्यामुळे हे सोडून देता येत नव्हतं. आठवडाभर खेटे घातले तेव्हा कुठे गुण चढले. म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या, आणि चौथ्या दिवशी दोन्ही वर्गांच्या हजेरीत आपलं नाव कुठे पुकारतात ते ऐका.

अभ्यासाचं म्हणाल तर गणिताचे भाग दोन, आणि आमच्याकडे दोन शिक्षक ते एकाच वेळी शिकवत होते. माझे संच व संबंध, फलने आणि दुसऱ्या भागातली विभाजन मूल्ये बुडाली होती. मी फलने आधी उरकली, कारण पुढची मर्यादा, सातत्य आणि विकलन ही सगळी प्रकरणं त्यावर उभी आहेत. विभाजन मूल्ये दिवाळीच्या सुट्टीत केली. वह्या अर्थातच त्या अदलाबदलवाल्या मुलाच्या. बदल्यात त्याला माझी एस.पी.ची वही दिली, तिच्यात जेमतेम नऊ पानं लिहिलेली होती.