रेस्पिरेटरी पॅनल पाठवताना या चुका टाळा

रेस्पिरेटरी पॅनल म्हणजे नाकातल्या एकाच स्वॅबवर वीसेक विषाणू शोधणारी पीसीआर तपासणी. नेहमीच्या रुग्णांत त्यांतल्या दोनच विषाणूंवर खास औषध आहे, फ्लू आणि कोविड. बाकी नावं कळल्याने औषधाच्या चिठ्ठीत सहसा काही बदलत नाही. तरी हजारो रुपयांचं हे पॅनल सर्दी-तापाच्या प्रत्येकाला लिहिलं जातं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे रिपोर्टसाठी औषध थांबवणं. ऑगस्टमधली गोष्ट. सात महिन्यांची गरोदर बाई, ताप-खोकल्याचा दुसरा दिवस, ऑक्सिजन ९३. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लूची लाट असतेच. रेसिडेंटने स्वॅब मुंबईला पाठवला आणि केस पेपरवर लिहिलं, "रिपोर्ट आल्यावर ठरवू." रिपोर्ट दोन दिवसांनी आला, एच१एन१. तोवर ऑक्सिजन ८४ वर उतरला होता आणि ती आयसीयूत गेली. आई आणि बाळ दोघंही वाचले, पण तिच्या नवऱ्याने विचारलं, "डॉक्टर, गोळी तर इथेच होती ना?" त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

फ्लूवरची ती गोळी, ओसेल्टामिविर, लक्षणं सुरू झाल्यापासून पहिल्या ४८ तासांत सर्वांत चांगलं काम करते. फ्लूची शंका असलेला रुग्ण दाखल होत असेल किंवा गरोदर असेल, तर स्वॅब घेतल्या घेतल्या ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू करा, किडनी अधू असेल तर डोस कमी करून. ४८ तास उलटले असले तरी अशा रुग्णाला द्याच.

दुसरी चूक म्हणजे ऱ्हायनोव्हायरस पॉझिटिव्ह दिसला की "कारण सापडलं" म्हणून फाइल मिटणं. पीसीआर विषाणूचा आरएनए पकडतो, तो जिवंत आहे की नाही हे सांगत नाही. साधी सर्दी बरी झाल्यावरही तो आठवडे सापडत राहतो आणि ठणठणीत मुलांच्या नाकातही मिळतो. एका आजोबांना उजव्या खालच्या भागात न्यूमोनिया होता, कफ गंजाच्या रंगाचा. हा रिपोर्ट पाहून कुणीतरी त्यांचं अँटिबायोटिक बंद केलं. तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप उलटला आणि रक्ताच्या कल्चरमध्ये न्यूमोकॉकस हा जीवाणू वाढला. एक्स-रे आणि कफ जे सांगत होते, ते पॅनलने खोडलं नव्हतं.

म्हणून पॅनल पाठवण्याआधी मी रेसिडेंटला केस पेपरवर दोन ओळी लिहायला लावतो: फ्लू आला तर काय बदलणार, काहीच नाही आलं तर काय बदलणार. दोन्हींचं उत्तर "काही नाही" असेल, तर स्वॅब जात नाही. घाई असलेल्यांना हे किचकट वाटतं. वाटू दे.

स्वॅब नाकपुडीच्या तोंडाशी फिरवून आणू नका, नाकाच्या मागच्या भिंतीपर्यंत न्या. कापसाची लाकडी काडी तर वापरूच नका.

आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचा नाकाचा स्वॅब निगेटिव्ह आला म्हणून ओसेल्टामिविर बंद करू नका. विषाणू खाली फुप्फुसात असू शकतो. नळीतला स्राव पाठवा, त्याचा रिपोर्ट येईपर्यंत गोळी चालू ठेवा.